बनावट ट्रेडिंग ॲप आणि 'व्हीआयपी' ग्रुप: पैसे भरण्याआधी करायच्या तपासण्या

बनावट ट्रेडिंग ॲपमध्ये दिसणारे शेअरचे भाव बहुतेक वेळा खरेच असतात. एनएसई या शेअर बाजारावर एखादा शेअर जसा वरखाली होतो तसाच तो तिथेही होतो, कारण बाजारभाव कुठूनही उचलून दाखवता येतो. खोटा असतो तो त्याच्या खाली तुमच्या नावाने दिसणारा आकडा. तो आकडा म्हणजे ॲप चालवणाऱ्याने स्वतःच्या संगणकावर टाईप केलेली रक्कम असते. सकाळी 50,000, संध्याकाळी 61,000. मागे ना शेअर, ना व्यवहार.

म्हणूनच ॲप उघडून, आलेख बघून, आकडे पडताळून 'सगळं बरोबर दिसतंय' असं ठरवण्यात काही अर्थ नाही. ॲपच्या आत जे जे दिसतं ते सगळं त्यांच्या हातात असतं. तपासणी करायची ती ॲपच्या बाहेर, आणि त्यासाठी तीन जागा आहेत: शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची नोंदणी, पैसे ज्या खात्यात जातात ते खातं, आणि शेअर जिथे जमा व्हायला हवेत ते डीमॅट खातं. या तिन्ही ठिकाणी त्यांचा हात पोहोचत नाही. तिन्ही तपासण्यांना मिळून जेमतेम अर्धा तास लागतो.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने दिलेल्या आकड्यांनुसार 2024 च्या पहिल्या चार महिन्यांत ट्रेडिंगच्या नावाखालच्या फसवणुकीत लोकांचे 1,420 कोटी रुपये गेले होते. हा आकडाही फक्त ज्यांनी तक्रार केली त्यांचा. फसलेल्यांत शिकलेली, नोकरीतली, निवृत्तीचे पैसे हाताशी असलेली माणसं भरपूर असतात. त्यामुळे 'मला कळतं' या भरवशावर राहू नये.

ग्रुपमध्ये काय चाललेलं असतं

सुरुवात जाहिरातीपासून होते. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर एखादा नामांकित चेहरा मोफत शेअर टिप्स देताना दिसतो, खाली व्हॉट्सॲपची लिंक असते. चेहरा आणि आवाज दोन्ही बनावट असू शकतात. एप्रिल 2024 मध्ये खुद्द एनएसईला जाहीर करावं लागलं होतं की आपले प्रमुख आशिषकुमार चौहान शेअर सुचवताना दिसतात ते व्हिडिओ खोटे आहेत. एक्स्चेंजचा कुणीही अधिकारी शेअर सुचवत नाही, त्याला तशी परवानगीच नसते.

लिंक दाबली की तुम्ही एका ग्रुपमध्ये जाता. पात्रं ठरलेली असतात. एक 'सर' किंवा 'प्रोफेसर', जे संध्याकाळी तासभर बाजार शिकवतात. एक मदतनीस, बहुधा बाईचं नाव आणि छान फोटो, जी प्रत्येकाशी खासगीत बोलते, जेवलात का विचारते. आणि पन्नास-शंभर 'सभासद', जे रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात आणि सरांचे आभार मानतात. यातले बहुतेक नंबर त्याच टोळीकडे असतात. ग्रुपमध्ये खरी गिऱ्हाइकं मोजकीच, बाकी सगळे नट.

हे ओळखायचं कसं? ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर एक साधा प्रश्न टाका: 'सर, तुमचा सेबी नोंदणी क्रमांक काय आणि तो कुणाच्या नावावर आहे?' खऱ्या सल्लागाराला हा प्रश्न रोजचा असतो, तो क्रमांक लगेच देतो. इथे मात्र तीनपैकी एक गोष्ट होते. तुमचा मेसेज उडवला जातो, किंवा मदतनीस खासगीत येऊन 'ग्रुपमध्ये असं विचारलेलं सरांना आवडत नाही' म्हणते, किंवा एक रंगीत प्रमाणपत्र पाठवलं जातं. त्या प्रमाणपत्राचं काय करायचं ते पुढे येईलच.

पहिले काही दिवस पैसे मागितले जात नाहीत. टिप्स मिळतात, त्यातल्या काही बरोबरही येतात, आणि बरोबर आलेल्यांचाच गाजावाजा होतो. मग एक दिवस कळतं की साध्या डीमॅटमधून मिळतो तो नफा किरकोळ आहे. खरा नफा 'इन्स्टिट्यूशनल अकाउंट'मध्ये, जिथे परदेशी गुंतवणूकदार कंपन्यांना मिळणाऱ्या सवलतीच्या भावात शेअर मिळतात, वरच्या सर्किटचा, म्हणजे दिवसाच्या कमाल भावाला पोहोचून विकणाराच न उरलेला शेअरही मिळतो आणि आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली शेअरविक्री, हमखास लागतो. त्यासाठी वेगळं ॲप घ्यावं लागतं.

इथेच थांबावं. सेबीने फेब्रुवारी 2024 मध्ये नेमक्या याच थापेवर इशारा दिला होता. परदेशी गुंतवणूकदारांचा मार्ग, काही मोजके अपवाद सोडले, तर भारतात राहणाऱ्यांना खुला नाही, आणि डीमॅट किंवा ट्रेडिंग खात्याशिवाय 'संस्थात्मक खात्यातून' शेअर घेण्याची कुठलीही सोय अस्तित्वात नाही. 'ब्लॉक डील' खरे असतात, पण ते कोट्यवधींच्या एकेका सौद्याचे असतात, ठरलेल्या वेळेतच होतात आणि त्यांचा भाव चालू भावाच्या फार दूर जाऊच शकत नाही. 'ब्लॉक डीलमधून वीस टक्के स्वस्त, दहा हजारांपासून सुरुवात' असं कुणी म्हणालं, की पुढचं ऐकण्याची गरज उरत नाही.

पहिली तपासणी: नाव आणि नोंदणी

सेबीकडे नोंदलेल्या प्रत्येकाला क्रमांक असतो आणि त्याची सुरुवातीची अक्षरंच बरंच सांगून जातात. शेअर दलाल म्हणजे ब्रोकरचा क्रमांक INZ ने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा INA ने, रिसर्च ॲनालिस्टचा INH ने. हा फरक महत्त्वाचा आहे. INH किंवा INA असलेला माणूस सल्ला देऊन फी घेऊ शकतो. तुमचे गुंतवणुकीचे पैसे स्वतःच्या खात्यात घ्यायचा त्याला अधिकार नाही. त्यामुळे 'आमच्याकडे सेबीचा रिसर्च ॲनालिस्ट परवाना आहे, पैसे या खात्यात टाका' हे वाक्यच स्वतःला खोटं ठरवतं. खात्रीशीर परताव्याचं आश्वासन तर यांपैकी कुणालाच देता येत नाही.

क्रमांक मिळाला की तो शोधायचा sebi.gov.in वर, मध्यस्थांच्या विभागातल्या `Recognised Intermediaries` या पानावर. पत्ता स्वतः टाईप करा, ग्रुपमध्ये आलेल्या लिंकवरून जाऊ नका. क्रमांक यादीत सापडला म्हणजे काम संपलं असं बरेच जण समजतात, आणि घात तिथेच होतो. टोळ्या बऱ्याचदा खऱ्या ब्रोकरचा खरा क्रमांक वापरतात. प्रमाणपत्रावर क्रमांक खरा, नाव खरं, फक्त फोन नंबर त्यांचा. म्हणून यादीत त्या नावासमोर दिलेला पत्ता, ईमेल आणि फोन बघायचा आणि त्या फोनवर स्वतः फोन लावून विचारायचं: 'तुमचं अमुक नावाचं ॲप आहे का? तमुक व्हॉट्सॲप ग्रुप तुमचा आहे का?' खऱ्या कंपनीला असे फोन रोज येतात. उत्तर दोन मिनिटांत मिळतं.

ॲपच्या बाबतीतही उलट्या दिशेने चालायचं. ॲपवरून कंपनीकडे जाऊ नका, कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून ॲपकडे या. यादीतल्या ब्रोकरची वेबसाइट उघडा, तिथे दिलेल्या बटणावरून प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरला जा आणि ते ॲप अन् तुम्हाला पाठवलेलं ॲप एकच आहे का बघा. प्ले स्टोअरवर ॲपच्या नावाखाली डेव्हलपरचं नाव दिसतं. नाव नामांकित ब्रोकरचं आणि डेव्हलपर भलताच, कधी कधी आधी फक्त खेळांची ॲप्स काढलेला, असे प्रकार झाले आहेत. 'प्ले स्टोअरवर आहे म्हणजे खरं असणार' हा निकष पुरत नाही.

अँड्रॉइडवर जर फाइल `.apk` म्हणून आली आणि 'अनोळखी स्रोतावरून इन्स्टॉल करू द्या' असं फोन विचारू लागला, तर ते ॲप टाकू नका. आयफोनवर याची दोन रूपं दिसतात. एक तर चाचणीसाठीच्या टेस्टफ्लाइटमधून ॲप घ्यायला सांगतात, किंवा `Settings` मध्ये जाऊन `VPN & Device Management` खाली एखाद्या अनोळखी कंपनीच्या प्रोफाइलवर विश्वास ठेवायला लावतात. कुठलाही नोंदणीकृत ब्रोकर सामान्य गिऱ्हाइकाला या वाटेने ॲप देत नाही.

खातं उघडायला किती वेळ लागला हीसुद्धा एक खूणच आहे. खऱ्या डीमॅटसाठी पॅन, आधारवरची ई-सही, कॅमेऱ्यासमोर येऊन ओळख पटवणं, बँक खात्याची पडताळणी एवढं सगळं लागतं. नंतर शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडून, म्हणजे सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडून, खातं उघडल्याचा मेसेज किंवा ईमेल येतो. नाव आणि मोबाइल नंबर टाकल्यावर दोन मिनिटांत 'अकाउंट ॲक्टिव्ह' झालं असेल तर खातं उघडलेलंच नाही, फक्त लॉगिन तयार झालंय.

दुसरी तपासणी: पैसे कुणाच्या खात्यात

तीन तपासण्यांपैकी एकच करायला वेळ असेल तर ही करा.

खरा ब्रोकर गिऱ्हाइकांचे पैसे स्वतःच्या नावावरच्या, खास गिऱ्हाइकांसाठीच्या बँक खात्यात घेतो. खात्याच्या नावात ब्रोकरचं नाव असतं. बनावट ॲपमध्ये 'ॲड फंड' दाबलं, की कस्टमर केअरचा चॅट उघडतो आणि तिथे एक खाते क्रमांक मिळतो. तो असतो कुठल्या तरी ट्रेडर्सच्या, एंटरप्रायझेसच्या, कधी किराणा-कपड्याच्या दुकानाच्या, कधी सरळ एखाद्या माणसाच्या नावावर. पुढच्या वेळी पैसे भरताना खातं बदललेलं असतं. कारण विचारलं तर 'कंपनीच्या खात्याची मर्यादा संपली', 'टॅक्स प्लॅनिंगसाठी वेगवेगळी खाती आहेत' अशी उत्तरं येतात. खरं कारण असं, की ही भाड्याने घेतलेली खाती आहेत आणि तक्रारी आल्या की बँका ती गोठवतात.

यूपीआयने पैसे पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं. एनईएफटी-आरटीजीएससाठीही आता लाभार्थीचं नाव आधी बघण्याची सोय बँकांनी दिली आहे. ते नाव वाचा. ॲपवर एक नाव आणि बँकेत दुसरंच, एवढं दिसलं तरी पैसे पाठवू नका.

सेबीने ऑक्टोबर 2025 पासून यासाठी आणखी एक सोय केली आहे. नोंदणीकृत ब्रोकर आणि म्युच्युअल फंडांना आता वेगळ्या धर्तीचा यूपीआय आयडी मिळतो. ब्रोकरचा असेल तर त्यात `.brk` येतं, म्युच्युअल फंडाचा असेल तर `.mf`, आणि `@` नंतर `valid` व बँकेचं नाव, म्हणजे साधारण असा:

```
brokername.brk@validhdfc
```

पैसे देताना हिरव्या त्रिकोणात पांढरा अंगठा दिसतो. असा आयडी फक्त नोंदणीकृतांनाच मिळतो. पण गुंतवणूकदाराने त्याच वाटेने पैसे भरावेत अशी सक्ती नाही, खरा ब्रोकर नेटबँकिंगनेही पैसे घेतो. म्हणून अशा वेळी 'सेबी चेक' वापरा. सेबीच्या वेबसाइटवर आणि सेबीच्या 'सारथी' ॲपमध्ये ते आहे. यूपीआय आयडी टाका, क्यूआर स्कॅन करा किंवा खाते क्रमांक आणि आयएफएससी टाका. ते खातं नोंदणीकृत मध्यस्थाचं आहे की नाही ते तिथे कळतं. ग्रुपमध्ये मिळालेला खाते क्रमांक तिथे टाकून बघायला एक मिनिट लागतं.

आणखी एक खूण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. खरा ब्रोकर फक्त तुमच्या स्वतःच्या, त्याच्याकडे नोंदवलेल्या बँक खात्यातूनच पैसे घेतो. बायकोच्या खात्यातून पाठवले तर परत येतात. बनावट ॲपला कुणाच्याही खात्यातले पैसे चालतात: मेहुण्याचे, मित्राचे, काउंटरवर भरलेले रोख सुद्धा. फक्त पावतीचा स्क्रीनशॉट पाठवायचा. जिथे पैसे घ्यायला एवढी ढिलाई आहे तिथे ते परत मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

तिसरी तपासणी: शेअर कुठे आहेत

समजा आधीच थोडे पैसे भरून झालेत आणि ॲपमध्ये शेअर घेतल्याचं दिसतंय. तर ते शेअर ॲपच्या बाहेर शोधा.

भारतात शेअर ब्रोकरच्या ॲपमध्ये राहत नाहीत, ते सीडीएसएल किंवा एनएसडीएलकडे राहतात. आज घेतलेला शेअर पुढच्या कामकाजाच्या दिवशी तुमच्या डीमॅटमध्ये दिसायला हवा. ॲपमध्ये डीमॅट क्रमांक शोधा. सीडीएसएलचा असेल तर तो सोळा आकडी असतो, एनएसडीएलचा असेल तर IN ने सुरू होतो आणि एकूण सोळा अक्षर-आकड्यांचा असतो. तो सापडला तर सीडीएसएलच्या 'इझी' किंवा एनएसडीएलच्या 'आयडियाज' या सुविधेत स्वतः नोंदणी करून त्या क्रमांकाने खातं उघडून बघा. खातं नाही किंवा त्यात शेअर नाहीत, तर शेअर नाहीतच.

ज्या दिवशी खरेदी झाली त्या रात्री एक्स्चेंजकडून व्यवहाराचा एसएमएस किंवा ईमेल आला का? ब्रोकरकडून चोवीस तासांत काँट्रॅक्ट नोट आली का? तिच्यावर प्रत्येक सौद्याचा ट्रेड नंबर, वेळ, ब्रोकरेज, एसटीटी आणि मुद्रांक शुल्क वेगवेगळं लिहिलेलं असतं. एनएसईच्या वेबसाइटवर अलीकडच्या दिवसांतला ट्रेड नंबर टाकून सौदा खरोखर झाला का हे तपासण्याची सोय आहे. बनावट ॲपमधल्या 'ऑर्डर आयडी'ने तिथे काही सापडत नाही. कस्टमर केअरला काँट्रॅक्ट नोट मागा. बहुतेकदा ॲपच्याच स्क्रीनचं एक पीडीएफ येतं, ज्यावर ना डिजिटल सही ना ट्रेड नंबर.

'पण मला पैसे परत मिळाले होते'

फसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी हे वाक्य असतं. सुरुवातीला दोन-पाच हजार काढून बघितले आणि ते खरोखर खात्यात आले, म्हणून विश्वास बसला. पैसे काढून बघणं ही चाचणी लोक शहाणपणाची समजतात, पण टोळीला ती माहीत असते आणि त्यांनी ती आपल्या खर्चात धरलेली असते. पाच हजार देऊन पाच लाख मिळणार असतील तर पाच हजार त्यांना जड नाहीत.

त्यापेक्षा ते पैसे आले कुठून ते बघा. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव असतं. खऱ्या ब्रोकरकडून पैसे येतात तेव्हा तिथे ब्रोकरचंच नाव दिसतं. इथे कुठल्या तरी अनोळखी माणसाचं नाव दिसेल, आणि तो माणूस बहुधा तुमच्यासारखाच फसलेला किंवा खातं भाड्याने दिलेला असतो. यात आणखी एक धोका आहे. दुसऱ्याच्या फसवणुकीचे पैसे तुमच्या खात्यात आले आणि त्याने तक्रार केली, तर पैशांचा माग काढत पोलिस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि तुमचंच खातं गोठू शकतं. 'ट्रायल विड्रॉल' म्हणून घेतलेले दोन हजार असे महागात पडतात.

एक नमुना, आकड्यांसह

या प्रकारात जे वारंवार होतं ते एका उदाहरणात मांडून बघू. आकडे नमुन्यादाखल आहेत, क्रम मात्र नेहमीचा आहे.

नाशिकच्या एका नोकरदाराने ग्रुपमधून ॲप घेतलं आणि 10,000 भरले. पाच दिवसांत ॲपमध्ये 11,400 दिसले. त्यातले 2,000 काढले, ते आले. मग 50,000 भरले, मग 2 लाख. तीन आठवड्यांनी ॲपमध्ये 4,30,000 दिसत होते. खऱ्या खात्यातून गेले होते 2,60,000, परत आले होते 2,000.

मग मदतनीसने सांगितलं, एक आयपीओ येतोय, सगळ्यांनी अर्ज करा, लागला तर सोन्याहून पिवळं. अर्ज ॲपमध्येच, एका बटणावर. दुसऱ्या दिवशी ॲपमध्ये अभिनंदनाचा संदेश: 250 रुपये दराने 4,800 शेअर लागले. म्हणजे 12 लाखांचे. खात्यात 4,30,000 आहेत, उरलेले 7,70,000 दोन दिवसांत भरा, नाहीतर खातं गोठेल, आधीचे पैसे जप्त होतील आणि सिबिलवर परिणाम होईल.

सबंध सापळ्यातली ही सगळ्यात मोठी पायरी, आणि आयपीओ कसा चालतो हे माहीत असलं तर ती लगेच ओळखू येते. खऱ्या आयपीओत तुम्ही जेवढ्यासाठी अर्ज करता तेवढी रक्कम अर्ज करतानाच तुमच्याच बँक खात्यात अडकवली जाते. यूपीआयवर मंजुरीची विनंती येते, ती तुम्ही पिन टाकून मान्य करता. शेअर लागले तरच पैसे जातात, नाही लागले तर अडकवलेली रक्कम मोकळी होते. अर्जापेक्षा एकही शेअर जास्त मिळत नाही, त्यामुळे 'उरलेले पैसे भरा' हा प्रसंग इथे उद्भवतच नाही. किरकोळ गुंतवणूकदाराच्या गटात अर्जाची मर्यादा 2 लाख आहे आणि मागणी जास्त असली तर सोडतीतून फार तर एक लॉट, म्हणजे शेअरचा ठरलेला एक गठ्ठा मिळतो. बारा लाखांचे शेअर 'लागले' हे ऐकूनच शंका यायला हवी. शेअर लागले का हे आयपीओचं वाटप सांभाळणाऱ्या रजिस्ट्रारच्या किंवा बीएसईच्या वेबसाइटवर पॅन टाकून स्वतः बघता येतं. न भरलेल्या आयपीओमुळे सिबिल खराब होत नाही, कारण ते कर्जच नाही.

या उदाहरणातल्या माणसाने मित्रांकडून आणि सोन्यावर कर्ज काढून पैसे भरले. शेअर 'लिस्ट' झाले आणि ॲपमध्ये 31 लाख दिसू लागले. काढायला गेल्यावर पहिली मागणी: नफ्यावर 20 टक्के सरांचं कमिशन, आधी भरा. ते दिल्यावर दुसरी: कर. तिसरी: मनी लाँडरिंग तपासणीची अनामत, परत मिळणारी. प्रत्येक वेळी 'ही शेवटची'.

अशा मागणीवर एकच उत्तर द्यायचं: 'माझ्या शिलकीतून कापून घ्या आणि उरलेले पाठवा.' खात्यात 31 लाख खरोखर असतील तर चारेक लाख कापायला काहीच अडचण नको. 'सिस्टीम परवानगी देत नाही' असं उत्तर आलं की समजावं, शिल्लक म्हणजे नुसता पडद्यावरचा आकडा आहे. करासाठीही हेच. भारतात राहणाऱ्याच्या शेअर विक्रीच्या नफ्यावर ब्रोकर कर कापून घेत नाही आणि वसूलही करत नाही. तो कर तुम्ही स्वतः आयकर खात्याला भरता, अग्रिम कर म्हणून किंवा विवरणपत्र भरताना. पैसे काढण्याआधी कुणा खासगी खात्यात कर भरा, असं कुठेही नसतं.

पैसे गेल्यावर: क्रम महत्त्वाचा

आधी 1930 वर फोन. पोलिस ठाण्यात जाण्याआधी, नातेवाइकांना सांगण्याआधी, त्या मदतनीसला जाब विचारण्याआधी. या क्रमांकावर तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवलं जातं आणि तिथे जेवढे शिल्लक असतील तेवढे अडवले जातात. पैसे मात्र तिथे फार वेळ थांबत नाहीत. एका खात्यातून चार, चारांतून वीस, मग एटीएम किंवा क्रिप्टो. पहिल्या काही तासांत फोन झाला तर काही अडण्याची शक्यता असते, आठवड्याने फार कमी. तरीही उशीर झाला म्हणून तक्रार सोडू नका.

फोन करताना समोर हवं: तुमची बँक आणि खाते क्रमांक, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम, समोरचं खातं किंवा यूपीआय आयडी, आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा हा क्रमांक बारा आकडी असतो, बँकेच्या ॲपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. फोन लागत नसेल तर cybercrime.gov.in वर आर्थिक फसवणुकीत तक्रार करा. फोन लागला तरीही नंतर त्या पोर्टलवर सविस्तर तक्रार आणि पुरावे चढवायला विसरू नका. सगळे व्यवहार एकाच तक्रारीत द्या, लाज वाटते म्हणून एखादी रक्कम लपवू नका, कारण पैशांचा माग त्याच नोंदींवरून काढला जातो. मग स्वतःच्या बँकेला लेखी कळवा.

ग्रुप सोडायची घाई करू नका. टोळीला सुगावा लागला की ग्रुप उडवला जातो किंवा मेसेज आपोआप पुसण्याची सोय चालू केली जाते. आधी व्हॉट्सॲपमधून `Export chat` करून चॅट स्वतःच्या ईमेलवर पाठवा, ॲडमिनांचे नंबर, ग्रुपची लिंक, ॲपमधली शिल्लक, ठेवी आणि काढलेल्या पैशांच्या याद्या यांचे स्क्रीनशॉट घ्या, आणि `.apk` फाइल असेल तर ती जपून ठेवा. ॲपने एसएमएस वाचायची किंवा `Accessibility` ची परवानगी घेतली असेल तर तो फोन इंटरनेटपासून तोडा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. एवढं झाल्यावर ॲप काढा.

सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर तक्रार करून अशा प्रकरणात उपयोग होत नाही, ते नोंदणीकृत कंपन्यांसाठी आहे. बँकेकडूनही भरपाईची आशा कमीच. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम ग्राहकाला संरक्षण देतो तो त्याच्या परवानगीविना झालेल्या व्यवहारांसाठी, आणि इथे पिन तुम्हीच टाकलेला असतो. पैसे परत मिळायची खरी वाट म्हणजे 1930 च्या तक्रारीमुळे कुठल्या तरी खात्यात अडवली गेलेली रक्कम. ती सोडवण्यासाठी, विशेषतः रक्कम मोठी असेल तर, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो. म्हणून तपास अधिकाऱ्याला विचारत राहा, कुठल्या बँकेत किती रक्कम अडवली गेली आहे, आणि ते लेखी मिळवा.

आणि काही दिवसांनी एक फोन येईल. 'तुमचे बुडालेले पैसे आम्ही सोडवून देतो', बोलणारा स्वतःला वकील, सायबर अधिकारी किंवा सेबीचा माणूस म्हणवेल आणि तुमची बुडालेली रक्कम त्याला अचूक ठाऊक असेल. ती ठाऊक असते कारण बहुधा तुमचा नंबर त्याच टोळीने पुढे विकलेला असतो. सरकारी यंत्रणा पैसे परत देण्यासाठी शुल्क घेत नाही. हा नंबरही त्याच तक्रारीत जोडा.